दोन सर्व्हिसिंगच्या मधले दिवस

नव्या मोटरसायकलची पहिली सर्व्हिसिंग पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान येते आणि त्यापुढची साधारण दर तीन हजार किलोमीटरला. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग यांना हा हिशेब चालतो, कारण हे भाग गाडी जितकी धावेल तितके खराब होतात. टायरमधली हवा आणि चेनचा झोल या दोन गोष्टी मात्र किलोमीटर मोजून बिघडत नाहीत. गाडी महिनाभर दारात उभी राहिली तरी हवा उतरते. चेन एका दमदार पावसात आणि दोन दिवसांच्या चिखलात अशी कोरडी पडते की हजार किलोमीटरच्या डांबरी रस्त्यानेही पडली नसती. म्हणजे सर्व्हिसिंग अगदी वेळेवर केलेली गाडीसुद्धा मधले बरेच दिवस चुकीच्या हवेवर आणि सुकलेल्या चेनवर चालू शकते, आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

नव्या दुचाकीमालकांसाठी लिहिलेल्या या छोट्या पुस्तिकेत म्हणूनच दोनच कामांना जास्तीत जास्त जागा दिली आहे. बॅटरी, ब्रेकचे लायनर, क्लचची केबल यांबद्दल पुढे चार-चार ओळी आहेत, तेवढ्या पुरतात. हवा आणि चेन यांच्याबद्दल मात्र नुसतं ‘अमुक दिवसांनी तपासा’ एवढं सांगून भागत नाही. का तपासायचं, कधी तपासायचं आणि हाती आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे कळलं तरच तपासण्याला अर्थ आहे. स्कूटर घेतलेल्या वाचकांनी चेनचं प्रकरण सोडून द्यावं. स्कूटरला चेन नसते, तिचा पट्टा बंद खोक्यात असतो आणि तो मेकॅनिकनेच उघडायचा असतो. हवेचं प्रकरण मात्र स्कूटरवाल्यांनी अधिक लक्ष देऊन वाचावं. स्कूटरचं चाक लहान, त्यात हवा मुळात कमी, त्यामुळे थोडी उतरली तरी फरक मोठा पडतो.

दुचाकी दुरुस्ती शिकवताना एक उदाहरण मी नेहमी घेतो, कारण त्यात या दोन्ही गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. वाळवा तालुक्यातला एक तरुण. त्याने १२५ सीसीची नवी गाडी घेतली आणि सकाळ-संध्याकाळ तीवरून डेअरीला दूध घालायला सुरुवात केली. मागे दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. सहा महिन्यांतच त्याच्या तीन तक्रारी सुरू झाल्या: वळणावर गाडी मागून डुलते, मागचा टायर लवकर झिजतोय, आणि चेनमधून भरलेल्या गाडीवर घरघर ऐकू येते. सर्व्हिसिंगची पावती दाखवून तो म्हणाला, “सर, एकही सर्व्हिसिंग चुकवली नाही.” ते खरंच होतं.

आधी हवेचं बघू. प्रत्येक गाडीवर हवेचे आकडे छापलेलं एक स्टिकर असतं, बहुधा चेनकव्हरवर, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर किंवा सीटखाली. स्टिकर निघालं असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत तेच आकडे असतात. या तरुणाच्या गाडीवर पुढच्या चाकाला २५ पीएसआय, मागच्याला एकटा बसल्यास २८ आणि मागे माणूस असल्यास ३६, असं लिहिलं होतं. काही गाड्यांवर हेच आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतात. तिथे १ म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय, म्हणून स्टिकरवरचे २ म्हणजे गेजवरचे २८. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा कोरलेला असतो तो टायरला सोसणारा कमाल दाब असतो. तो बघून हवा भरू नये.

त्याला विचारलं, हवा किती भरतोस? तो म्हणाला, पुढे २५, मागे २८, दर पंधरा दिवसांनी, पंपावर, स्वतः उभा राहून. बहुतेक जण पंपावर ‘किती?’ या प्रश्नाला ‘नेहमीएवढी’ म्हणून मोकळे होतात, त्या मानाने हा मुलगा फारच काटेकोर होता. तरीही सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी त्याच्या दारातच गेज लावला तेव्हा पुढे २२ आणि मागे २४ निघाले. पंपावर हवा भरून दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

पंक्चर नव्हतं. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचं बोट लावून पाहिलं, बुडबुडा आला नाही. फरक पडला होता तो वेळेमुळे. पंप गावापासून बारा किलोमीटरवर, आणि हा तिथे पोचायचा भर दुपारी. तापलेल्या डांबरावरून धावताना टायर आणि त्यातली हवा सहज पन्नास अंशांच्या पुढे जाते, आणि बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. आपल्या दुचाकींच्या टायरमध्ये दर दहा अंशांमागे हा फरक जवळजवळ दीड पीएसआयचा असतो. पहाटे तीच हवा चोवीस-पंचवीस अंशांवर आली की तापमानात अठ्ठावीस अंशांचा फरक पडला आणि दुपारचे २८ सकाळचे २४ झाले. स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा जेमतेम एखादा किलोमीटर सावकाश चाललेली. तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा कमी करणं ही तर याहून मोठी चूक. टायर थंड झाल्यावर ती आणखी खाली जाते.

म्हणून पुस्तिकेत स्वतःचा गेज घ्यायला सांगितलं आहे. पेनासारखा साधा गेज काही शे रुपयांत मिळतो आणि खिशात मावतो. पंपावरचं यंत्र चुकीचं असतंच असं नाही, पण वेगवेगळ्या पंपांवरच्या यंत्रांत दोन-तीन पीएसआयचा फरक सर्रास दिसतो आणि त्यातलं बरोबर कोणतं हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. एकच गेज कायम वापरला तर निदान गेल्या वेळेपेक्षा हवा किती उतरली हे तरी नक्की समजतं. निरोगी टायर महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतोच. आठवड्यात चार-पाच उतरले तर कुठेतरी गळती आहे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, ती अशीच दिवसादिवसाने उतरते; टायरला हात लावून किंवा पायाने दाबून हे कळत नाही, गेजवरच कळतं. सकाळी घरी मोजायचं आणि भरायला हाताचा किंवा पायाचा पंप वापरायचा, ही सगळ्यांत सरळ पद्धत. सायकलवाले वापरतात त्यातला चांगला पंप छत्तीस पीएसआयपर्यंत हवा सहज नेतो. पंपावरच भरायची असेल तर सकाळी थंड टायरमध्ये किती कमी आहे ते पाहून जायचं, आणि पंपावर टायर तापलेला असताना जो आकडा दिसेल त्यात तेवढीच भर घालायची. सकाळी ४ कमी होते आणि पंपावर गेज २८ दाखवतोय, तर ३२ करून यायचं.

आता वजन. चाळीस लिटर दूध म्हणजे एक्केचाळीस किलो, त्यात कॅनचं वजन. पन्नास किलोच्या घरात जाणारा हा भार मागच्या चाकाच्या वर किंवा थोडा मागेच असतो. स्टिकरवर दुधाच्या कॅनचं नाव नसतं, त्यामुळे एकट्याने बसायचं तर एकट्याचा आकडा, असं या तरुणाने समजून घेतलं होतं. टायरला मात्र माणूस आणि कॅन यांत फरक कळत नाही. त्याला मागे ३६ हवे होते आणि होते २४, म्हणजे एक तृतीयांश हवा कमी. इतक्या कमी हवेवर टायरच्या दोन्ही कडा रस्त्याला जास्त घासतात आणि मधला पट्टा कमी. त्याच्या टायरवर हात फिरवला तर हे बोटांना स्पष्ट लागत होतं: मधल्या खाचा जवळपास नव्या, कडेच्या खाचा उथळ. जास्त हवेवर याच्या उलट होतं, मधला पट्टा झिजतो. टायर बघून हवेचा इतिहास वाचता येतो, तो असा. वळणावर डुलणंही यातूनच येत होतं. मऊ पडलेल्या टायरच्या भिंती भाराखाली बाजूला कलतात आणि गाडी चालवणाऱ्याला वाटतं की मागचं चाकच ढिलं आहे.

यात एक खरी अडचण आहे आणि पुस्तिका ती लपवत नाही. जाताना कॅन भरलेले, येताना रिकामे. मग हवा कोणत्या भाराची ठेवायची? रोज भार असेल तर भाराचा आकडा ठेवावा, हे माझं मत. कमी हवेवर भरलेली गाडी चालवली तर टायर तापतो, झिजतो आणि फुटण्याचा धोकाही वाढतो. जास्त हवेवर रिकामी गाडी चालवली तर ती खड्ड्यात आदळते आणि ओल्या रस्त्यावर तिची पकड थोडी कमी असते. दुसरा तोटा वेग कमी ठेवून आवाक्यात ठेवता येतो, पहिला येत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी मागे कोणी बसणार असेल, तर मात्र त्या दिवसापुरती हवा वाढवावी आणि नंतर परत उतरवावी.

चेनचं दुखणं यापेक्षा गुंतागुंतीचं होतं. मोटरसायकलच्या चेनमध्ये शंभराहून जास्त जोड असतात. प्रत्येक जोडात एक पिन, तिच्यावर एक बुश आणि बाहेर फिरणारा रोलर. चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण तिचं लोखंड ताणलं जात नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक जोडात थोडी पोकळी तयार होते. हे ‘थोडं’ किती, ते बघा. प्रत्येक जोडात मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला तरी पूर्ण चेन एक मिलिमीटरने लांबते. दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर तेच राहतं, त्यामुळे हा एक मिलिमीटर सगळा झोलात उतरतो आणि आधी वीस मिलिमीटर असलेला झोल जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून चेनला ऑइल देणं आणि झोल मोजणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. ऑइल पिन आणि बुशच्या मध्ये पोचलं नाही, तर झोल वाढत राहणारच.

या तरुणाच्या चेनचा आवाज आधी खडखड असा होता. ढिली चेन चेनकव्हरला आपटते, तो हा आवाज. रस्त्यावरच्या एका गॅरेजात त्याने चेन कसून घेतली आणि खडखड थांबली. नंतर सुरू झाली ती घरघर, आणि तीही फक्त भरलेल्या गाडीवर. इथे बहुतेकांची गल्लत होते. कसलेली चेन म्हणजे चांगली चेन, हा समज गावोगाव पक्का बसलेला आहे. झोल मुद्दाम ठेवलेला असतो. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं तो चिमटा पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडा मागे असलेल्या खिळीवर वर-खाली होतो. मागे वजन पडलं की शॉकअॅब्सॉर्बर दबतात, चिमटा वर येतो आणि पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची खिळी व मागचा अॅक्सल एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. त्या क्षणासाठी झोल राखून ठेवलेला असतो. तो नसेल तर चेन तारेसारखी ताणते, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो आणि ती घरघर ऐकू येते. चेन बदलायला फार तर हजार-दोन हजार लागतील. बेअरिंग गेलं तर इंजिन उघडावं लागतं.

मोजलं तेव्हा गाडी रिकामी, डबल स्टँडवर. (गाडी डबल स्टँडवर मोजायची की साइड स्टँडवर, हे प्रत्येक माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं; तेच पाळावं, कारण दोन्हींचे आकडे वेगळे येतात.) चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरला खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढून बोट घालता येतं. दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, खालच्या बाजूची चेन बोटाने वर ढकलायची, मग खाली ओढायची, आणि या दोन टोकांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. त्याच्या गाडीला हे अंतर २० ते ३० मिलिमीटर हवं होतं. एका जागी मोजून थांबायचं नाही. चाक हाताने थोडं फिरवून पुन्हा मोजायचं, चार-पाच ठिकाणी. त्याच्या चेनवर एका ठिकाणी २२ भरले आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त १०. एकाच चेनमध्ये बारा मिलिमीटरचा फरक. चेन पुढे सरकवत नीट पाहिलं तर काही कड्या स्प्रॉकेटवरून सुटल्यावर सरळच होत नव्हत्या, वाकलेल्याच राहत होत्या. चिखल आणि पाणी आत जाऊन पिना गंजल्या होत्या. वॉशिंगच्या जोरदार पाइपने गाडी धुवून घेण्याची त्याला सवय होती, आणि ते पाणी चिखलासकट जोडांच्या आत शिरतं.

इथे कसणं-ढिलं करणं नंतर, आधी साफसफाई. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिले आहेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं जातात. हे काम कोणीही, कितीही सरावाचा असला तरी, चालू इंजिनवर करू नये. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने कड्या धुवायच्या. पेट्रोल नको, ते पेट घेतं, आणि रबरी रिंग असलेल्या चेनच्या रिंगांनाही मारक ठरतं. आखडलेल्या कड्या हाताने दोन्ही बाजूंना हलवून मोकळ्या करायच्या, कोरडं पुसायचं, मग ऑइल. ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा बाजारात मिळणारा चेन स्प्रे, दोन्ही चालतात. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल अनेक जण फुकटचं म्हणून लावतात, पण त्यात धातूची बारीक पूड असते. ग्रीस बाहेरच राहतं, जोडात उतरत नाही आणि धूळ धरतं.

ऑइल सोडायचं ते खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे चेन फिरताना ते बाहेरच्या दिशेने जोडांतून जातं. वेळ संध्याकाळची, गाडी नुकतीच चालवून आल्यावर. चेन कोमट असते आणि रात्रभरात ऑइल आत मुरतं. सकाळी बाहेर राहिलेलं जादा ऑइल पुसून टाकायचं, नाहीतर ते उडून मागच्या टायरवर बसतं. साधारण दर पाचशे किलोमीटरला हे करायचं, आणि भिजल्यावर किंवा गाडी धुतल्यावर किलोमीटर न बघता. पावसाळ्यात डेअरीच्या रस्त्यावर याचा अर्थ जवळजवळ दर आठवड्याला असा होतो.

साफ केल्यावर पुन्हा मोजलं तेव्हा आकडे १४ आणि २० आले. बारा मिलिमीटरचा फरक सहावर आला, चेन अजून वापरण्याजोगी होती. आता ढिली करायची. नियम असा की सर्वांत कसलेल्या जागी झोल मोजायचा आणि तो मर्यादेत आणायचा. अॅक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच सोडले, चाक पुढे ढकललं, आणि चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे एकाच रेषेवर आहेत याची खात्री केली. या खुणा चुकल्या तर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाल्ले जातात. नट आवळल्यावर पुन्हा मोजलं, कारण आवळताना चाक किंचित सरकतं. कसलेल्या जागी २१, ढिल्या जागी २७. दोन्ही २० ते ३०च्या आत. कसलेली जागा मर्यादेत आणताना ढिली जागा मर्यादेबाहेर जात असेल, तर चेनचे दिवस भरले असं समजायचं. दुसरी खूण मागच्या स्प्रॉकेटवर मिळते: चेन अगदी मागच्या टोकाला धरून मागे ओढायची, दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला, तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलायचा. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली तर ती लवकरच जुनी होते.

नव्या मालकाने अॅक्सलचा नट स्वतः सोडलाच पाहिजे असा पुस्तिकेचा आग्रह नाही. हात बसेपर्यंत तो मेकॅनिककडून करून घ्यावा, पण झोल मात्र आधी आणि नंतर स्वतः मोजावा. चेनला क्लिपचा जोड असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला आहे ना, तेही बघावं. उलटी बसवलेली क्लिप कशाला तरी घासून सुटू शकते.

मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीवर आणखी एक काम उरतं आणि गॅरेजमध्येही ते कधीकधी राहून जातं. चाक पुढे सरकलं की ब्रेकची सळई सैल पडते आणि पॅडल पूर्वीपेक्षा खोल दाबावं लागतं. चाक मागे घेतलं तर उलट, पॅडल न दाबताही ब्रेक लागून राहतो आणि ड्रम तापतो. या तरुणाची चेन ढिली केल्यावर पॅडल बोटभर जास्त खाली जाऊ लागलं होतं. सळईच्या टोकाचा नट फिरवून पॅडलचा मोकळा दाब माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आणला, चाक हाताने फिरवून ते कुठे घासत नाही हे पाहिलं, पॅडल दाबल्यावर मागचा दिवा वेळेवर लागतो का ते तपासलं, आणि मगच कॅन चढवून गाडी डेअरीकडे गेली.